घराच्या सांडपाण्याचा नळ : ढाळ आणि चेंबरची पातळी

संडास व मोरीचा नळ वरचेवर तुंबत असेल, तर दोष बहुधा ढाळात असतो. चार इंची नळाला दर मीटरला अडीच सेंटिमीटर ढाळ द्यावा, म्हणजे मैला पाण्याबरोबर वाहून जातो. हा ढाळ नळाच्या आतल्या तळाला हवा. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये नळाचा तळ किती खाली येईल, ते खोदण्यापूर्वीच ठरवा.

हे माप जमिनीपासून घेऊ नका, कारण जमीन सपाट नसते. घराच्या जोत्यावर एक पक्की खूण करा. पारदर्शक नळीत पाणी भरून, बुडबुडा राहू न देता, ती पातळी प्रत्येक चेंबरच्या जागी न्या. तिथे खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीच्या खुंट्या ठोकून दोरी ताणा. सगळी मापे या दोरीपासून खाली घ्या.

आता एक उदाहरण घेऊ. पहिल्या चेंबरमध्ये नळाचा तळ दोरीखाली 60 सेंटिमीटर आहे. दुसरे चेंबर 8 मीटरवर आहे. 8 गुणिले अडीच म्हणजे 20, तेव्हा तिथे नळ 80 वर येईल. या चेंबरमध्ये नळ वळतो, म्हणून 2 सेंटिमीटर जादा उतार देऊन तो 82 वर बाहेर काढा. तिसरे चेंबर पुढे 12 मीटरवर, म्हणजे आणखी 30 खाली, 112 वर. तिथून सेप्टिक टाकी 4 मीटरवर, म्हणून टाकीच्या तोंडाशी 122. हा आकडा टाकी बांधण्याआधीच गवंड्याला सांगा. टाकीचे तोंड वर राहिले, तर ढाळ पुरणार नाही.

समजा, पहिल्या चेंबरपाशी जमीन दोरीखाली 20, दुसऱ्यापाशी 15 आणि तिसऱ्यापाशी 10 सेंटिमीटर आहे. गवंड्याने तिन्ही ठिकाणी जमिनीपासून 40 सेंटिमीटर खोदले, तर नळाचा तळ 60, 55 आणि 50 वर येईल. म्हणजे नळ टाकीकडे चढत जाईल आणि पाणी घराकडे परतेल! बरोबर हिशेबाने जमिनीपासूनची खोली 40, 67 आणि 102 येते.

नळ टाकीकडून घराकडे बसवत या. नळाचे रुंद तोंड घराच्या बाजूला ठेवा. काळ्या जमिनीत चराच्या तळाला वाळूचा थर द्या, नाहीतर जमीन फुगून-आकसून नळाला झोळ पडतो.

चर बुजवण्यापूर्वी पहिल्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओता. थोड्या वेळाने तिन्ही चेंबरे पाहा. एखाद्यात पाणी साचून राहिले, तर त्याच्या पुढचा टप्पा दोरीपासून पुन्हा मोजा. चर उघडा असेपर्यंत ही दुरुस्ती तासाभराची आहे. बुजवल्यावर अंगण उकरावे लागते.