टोकन आधी की फ्लॅट आधी?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सोसायटीला 25 वर्षं झाली. समितीने मला सांगितलं, "बँकेतल्या अनुभवावर काहीतरी बोला." अनुभव म्हटला की म्हातारा माणूस थांबत नाही, म्हणून मी एकच विषय घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं पुण्यात आहेत, नाहीतर जाण्याच्या वाटेवर आहेत. तिथला फ्लॅट इथे बसून पसंत करायचा, आणि न बघता टोकन पाठवायचं, हे आता घरोघरी चाललंय. त्याबद्दल बोलतो.

आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलासाठी पुण्यात भाड्याने फ्लॅट घ्यायचा होता. एजंटाने मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. छान हवेशीर हॉल, स्वच्छ ओटा. मी 25,000 रुपये पाठवून दिले. मुलगा सामान घेऊन पोचला तर फ्लॅट तळमजल्यावरचा, अंधारा. व्हिडिओ होता त्याच इमारतीतल्या वरच्या फ्लॅटचा! पैसे चार महिने मागत राहिलो, त्यातले 15,000 परत आले. आयुष्यभर कर्जदाराला "झेरॉक्स नको, मूळ कागद दाखवा" म्हणणारा मी, स्वतःच्या वेळी झेरॉक्सवर भुललो. पाठवलेला व्हिडिओ म्हणजे झेरॉक्सच. तो कधी काढला, कुठला, मधलं काय कापलं, काही कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. माझा धाकटा भाऊ झरीतच शेती करतो. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली. भावाने रस्त्याकाठची थोडी जमीन विकून वाघोलीला जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. वाघोली निवडली कारण आपल्याकडून नगर रोडने गेलं की पुणं तिथूनच सुरू होतं, आणि ओळखीची चार घरंही तिथे आहेत. दिवस सोयाबीन काढणीचे. मळणीयंत्र दारात उभं, मजूर मिळेनात, घर सोडून कोण जाणार? तेवढ्यात एजंटाचा फोन : "दोन पार्ट्या तयार आहेत, आज संध्याकाळपर्यंत 51,000 टोकन टाका." भाऊ घाईने माझ्याकडे आला. "दादा, टाकून द्यावं का?"

मी म्हणालो, "टाकायचं नाही असं मी म्हणत नाही. पण आधी त्याला सांग, व्हिडिओ पाठवू नको, व्हिडिओ कॉल लाव. आणि कॉल फ्लॅटमधून नाही, रस्त्यावरून लाव."

एजंट जरा कुरकुरला, पण आला. मागणी साधी होती : मुख्य गेटपासून फोन बंद न करता फ्लॅटपर्यंत चालायचं. गेटवरची सोसायटीच्या नावाची पाटी दाखवा. विंगचं अक्षर दाखवा. लिफ्टमध्ये रेंज जाते, म्हणून जिन्याने चला. दारावरचा नंबर दाखवा, मग कुलूप उघडा. एवढं केलं की आपण बघतोय तो फ्लॅट आणि विकायचा फ्लॅट एकच आहे, याची अर्धी खात्री होते.

उरलेली अर्धी खात्री विजेच्या बिलाने होते. महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक असतो आणि मीटर क्रमांकही असतो. मी एजंटाला बिल कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, मग खाली मीटरच्या खोलीत जाऊन त्या फ्लॅटच्या मीटरवरचा नंबर वाचायला लावला. दोन्ही जुळले. बिलावरचं नाव मात्र वयस्कर माणसाचं वाटलं. ते मी वहीत लिहून ठेवलं.

आता आतलं बघणं. मोबाईलचा कॅमेरा खोली मोठी दाखवतो, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, फरशा मोजा. अलीकडच्या इमारतींत बऱ्याचदा दोन फूट बाय दोन फुटांची फरशी असते. आधी एका फरशीला टेप लावून दाखवायला सांगायचं, मग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फरशा मोजायच्या. जाहिरातीत बेडरूम 12 बाय 11 होती. मोजल्या तर एका बाजूला पाच फरशा आणि एक तुकडा, दुसऱ्या बाजूला नेमक्या पाच. म्हणजे साडेदहा बाय दहा! एजंट 1,050 चौरस फूट सांगत होता, तो जिना-लिफ्ट-पॅसेज धरून. जुन्या करारनाम्यात कार्पेट 59.5 चौरस मीटर होतं. चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट येतात, म्हणजे साधारण 640. भाव कशावर लावायचा, ते तिथेच कळलं.

दुसरी गोष्ट ओल. समोरून उजेड पडला की ओल दिसत नाही, आणि कॅमेरा तर सगळं उजळ करून टाकतो. म्हणून लाईट बंद करायला सांगायचे आणि दुसऱ्या फोनची टॉर्च भिंतीला लावून तिरपी धरायला सांगायची. फुगलेल्या रंगाची सावली पडते, पोपडे लगेच उठून दिसतात. कुठे बघायचं? बाथरूमच्या पलीकडे बेडरूमची जी भिंत येते ती, सिंकच्या खालचं कपाट, आणि बाथरूमचं छत. या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग होता. बाकी भिंती जुन्या, ही एकच नवी का? टॉर्च धरल्यावर कोपऱ्यात फुगे दिसले, आणि बाथरूमच्या छताला पांढऱ्या क्षाराचं वर्तुळ. म्हणजे वरच्या फ्लॅटमधून गळती. वरच्यांनी त्यांच्या बाथरूमची दुरुस्ती केली तरच थांबणारी. आपल्या सोसायटीतही असे वाद झालेत, त्यात किती वेळ जातो हे तुम्ही जाणताच.

नळ उघडून दाखवला, पाणी भरपूर. पण टाकी भरलेली असली की नळाला पाणी येणारच! म्हणून दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या एका मित्राला सकाळी सात वाजता तिथे पाठवलं आणि पुन्हा कॉल लावला. हा दुसरा कॉल फार कामाचा. कारण त्या मुलाला कमिशन मिळणार नव्हतं. त्याने वॉचमनला विचारलं, "काका, टँकर किती येतात?" वॉचमन म्हणाला, "उन्हाळ्यात रोज." मग आम्ही मेंटेनन्सचा आकडा आणि टँकरचा खर्च वेगळा लागतो का, ते सचिवांकडून विचारून घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. भिंती कॅमेऱ्यात दिसतात, मालकी दिसत नाही. पण मालकीचा एक कागद मात्र कॅमेऱ्यात सहज बघता येतो, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे : शेअर सर्टिफिकेट. लोक त्याची पुढची बाजू दाखवतात. तुम्ही मागची बाजू मागा. हस्तांतरण झालं की सोसायटी मागच्या बाजूला नवीन सभासदाचं नाव, तारीख आणि सह्या करते. शेवटची नोंद ज्याच्या नावाची, तो सोसायटीच्या दप्तरी आजचा सभासद.

मी म्हटलं, "मालकांनाच कॉलवर घ्या, सर्टिफिकेट उलटं करून दाखवू द्या." चाळिशीतले गृहस्थ आले, बोलायला सभ्य. पण सर्टिफिकेटवर नाव त्यांच्या वडिलांचं, तेच विजेच्या बिलावरचं. मागची बाजू कोरी! वडील वारलेले. मी विचारलं, "भावंडं किती?" ते म्हणाले, "मोठा भाऊ आणि एक बहीण. पण नॉमिनी मीच आहे."

इथे नीट ऐका, कारण हा गैरसमज आपल्याकडेही आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व देऊ शकते, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये इंद्राणी वाही यांच्या खटल्यात हाच फरक स्पष्ट केला. त्या संध्याकाळी भावाने 51,000 टाकले असते, तर ते तिघांच्या मालमत्तेसाठी एकाच्या खात्यात गेले असते. ते गृहस्थ लबाड नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की फ्लॅट आपलाच. प्रामाणिक माणसाकडूनही पैसे अडकतात, ते असे.

आम्ही स्वच्छ सांगितलं : भाऊ-बहिणीकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, सोसायटीत नाव लावून घ्या, वरच्या गळतीचं काम करून घ्या, मग टोकन. एजंट म्हणाला, "तोवर फ्लॅट जाईल." भाऊ म्हणाला, "गेला तर गेला." दोन पार्ट्या तयार होत्या ना? दोन महिने एकही आली नाही.

मधल्या काळात मी बँकेच्या सवयीने आणखी दोन गोष्टी बघितल्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-2 शोधून त्या फ्लॅटचे झालेले व्यवहार पाहिले, आणि सरसाई या केंद्रीय नोंदणीत कर्जाचा बोजा आहे का ते थोडी फी भरून तपासलं. बँकेकडे मूळ कागद गहाण असले तरी घर दिसायला छानच दिसतं, म्हणून ही तपासणी.

मग टोकन पाठवलं. ते कसं, तेही सांगतो. रोख नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. एजंटाच्या खात्यातही नाही, मालकाच्याच खात्यात. पूर्वी एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जायचे, नाव कोणी जुळवत नसे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल 2025 पासून बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची आहे. ते नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळवा. आणि पाठवण्यापूर्वी मालकाकडून लेखी घ्या : फ्लॅट क्रमांक, एकूण किंमत, टोकनची रक्कम, करारनाम्याची मुदत, आणि कागदात दोष निघाला तर टोकन किती दिवसांत परत. हे शेवटचं वाक्य नसेल तर टोकन परत मागायला तोंडच राहत नाही.

भाड्याच्या घरासाठी एक इशारा. "मी सैन्यात आहे, बदली झाली, घर दाखवायला येऊ शकत नाही, डिपॉझिट परत करायला हा क्यूआर कोड स्कॅन करा," असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. चुकून गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

शेवटी, कॅमेऱ्याची मर्यादाही सांगतो. दिवाळीनंतर करारनाम्यापूर्वी भाऊ आणि मी प्रत्यक्ष गेलो. दोन कॉलमध्ये न कळलेली गोष्ट दारातच कळली : मागच्या नाल्याचा वास. वास कॅमेऱ्यातून येत नाही, रात्रीच्या ट्रकचा आवाजही नीट येत नाही. त्या वासावर भावाने किंमत आणखी थोडी कमी करून घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला काच बसवून घेतली. म्हणून व्हिडिओ कॉल टोकनपुरता पुरेसा. सही करायची तर पायाने उंबरा ओलांडूनच.

पुतण्या आता तिथेच राहतो. परवा त्याने फोन केला, "काका, मित्राला नागपूरला फ्लॅट बघायचाय, काय विचारू?" मी म्हटलं, "गेटपासून चालायला सांग, फरशा मोज, आणि सर्टिफिकेट उलटं करून बघ."

आपणही आज घरी गेल्यावर आपलं सर्टिफिकेट एकदा उलटं करून बघा. ज्यांच्या मागच्या बाजूला अजून वडिलांचंच नाव असेल, त्यांनी सचिवांना भेटावं. उद्या आपलं घर घेणारा कोणी दुसऱ्या गावाहून तेच मागेल.