सावकाराचे पत्र कोणी वाचावे?

(हीरक महोत्सवी वर्षातील सहलीत काला अंब, पानिपत येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



१४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात जे घडले, त्याची बातमी दक्षिणेकडे नेणारे एक छोटेसे पत्र तुम्ही सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. दोन मोत्ये विरघळली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि चांदी-तांब्याची बेरीज लागत नाही, असा त्याचा आशय. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हे उत्तरही आपल्याला पाठ आहे. परंतु पत्रात यांपैकी एकही नाव नाही. मग हा अर्थ आला कोठून?

प्रथम पत्र कोणाचे, हे पाहू. ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हतेच. ते सावकारांचे होते आणि औरंगाबादच्या सावकारांकडे चालले होते. पानिपताहून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोहोचण्याचा करार केलेला कासीद नर्मदेच्या बाजूस नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याला भेटला आणि पेशव्यांनी ते पत्र उघडले. हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे; म्हणजे रोज शंभराहून जास्त किलोमीटरांची मजल. एवढी घाई सावकार कशासाठी करील? ज्यांचा पैसा फौजेत आणि सरदारांत गुंतलेला असतो, त्यांना पराभवाची वार्ता बाजाराच्या आधी हवी असते. आणि वाटेत पत्र परक्याच्या हाती पडण्याचा धोका असल्याने नावे टाळून नाण्यांची भाषा वापरणे स्वाभाविकच होते.

आता ही भाषा सराफाच्या पेढीवर बसून ऐका. मोती हे नाणे नव्हे. त्याची किंमत जोहरी पाणी पाहून ठरवतो आणि एकासारखे दुसरे सहसा मिळत नाही. मोहोर सोन्याची, मोजून घेण्याची. तिच्याखाली चांदीचा रुपया आणि सर्वांत शेवटी तांब्याचा पैसा, म्हणजे खुर्दा. आज ‘खुर्दा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूळधाण उभी राहते. पेढीवर त्याचा अर्थ सुटी नाणी एवढाच होता. मोत्यापासून पैशापर्यंतची ही उतरंड लक्षात घेतली की राजघराणे, सरदार आणि शिपाई हा क्रम आपोआप उलगडतो.

मला वाटते, आपण आणि ते पहिले वाचक येथेच वेगळे होतो. आपले मन मोत्यांपाशी थांबते. ज्या सावकाराचा सारा व्यवहार ताळेबंदावर चालतो, त्याला मात्र बेरीज लागत नाही, हे शेवटचे वाक्य सर्वांत भयंकर वाटले असणार. जमाखर्च लिहिणाऱ्याने हिशेबच सोडून दिला, यात पराभवाची व्याप्ती आली.

पेशव्यांच्या कानांना मात्र तेच पत्र निराळे ऐकू आले. विश्वासराव त्यांचे थोरले पुत्र, भाऊसाहेब चुलतभाऊ. दोघेही पानिपतावर होते आणि पेशवे स्वतः त्यांच्या मदतीला उत्तरेकडे निघाले होते. म्हणून ‘दोन’ हा आकडा ऐकताच त्यांना नावे विचारावी लागली नाहीत. हेच पत्र दोन वर्षे आधी, दुसऱ्या वाटेवर सापडले असते, तर ते एखाद्या जवाहिऱ्याच्या नुकसानीची नोंद ठरले असते.

या वाचनाला मर्यादाही आहेत. डफ यांनी हा मजकूर घटनेनंतर पासष्ट वर्षांनी आणि इंग्रजीत दिला. त्यामुळे ‘विरघळणे’ या एका क्रियापदावर मोठा अर्थ उभारू नये. नाण्यांचा क्रम भाषांतरातही टिकतो, त्यावर भिस्त ठेवावी. सत्तावीस मोहरांपुढे सत्तावीस नावे लिहिण्याचा मोहही आवरावा. तो आकडा रणभूमीवरून घाईने निघालेला आहे, पडताळून केलेली यादी नव्हे. आणि मोती गेले असे सावकाराने लिहिले, म्हणून भाऊसाहेबांच्या मृत्यूचा पुरावा मिळाला, असेही नाही. पार्वतीबाईंनी पुढे वैधव्य स्वीकारले नाही, आणि भाऊसाहेब म्हणून वावरणाऱ्या तोतयाचे प्रकरण १७७६ पर्यंत चालले. त्या काळच्या माणसांनीही हे पत्र शेवटचा शब्द मानले नव्हते.

या पत्राच्या शेवटच्या ओळीत ज्यांची गणती झाली नाही, ती माणसे याच मातीत आहेत. आपण मोत्यांची नावे पाठ करतो. सावकाराच्या जागी बसून तीच ओळ वाचली, तर सुट्या नाण्यांत मोजलेल्या त्या हजारोंकडेही आपले लक्ष जाते. आणि पत्रातले सर्वांत मोठे नुकसान तेच होते.