अपवादाचें कार्ड

आवर्तसारणीच्या अभ्यासासाठीं माझ्या एका विद्यार्थ्यानें कार्डें केलीं होतीं. एकाच्या पुढें ‘आयनीभवन ऊर्जा’ आणि मागें ‘डावीकडून उजवीकडे वाढते’ एवढेंच होतें. मीं विचारलें, “नत्र आणि प्राणवायु यांत अधिक कोणाची?” तो तत्काळ म्हणाला, “प्राणवायूची.” तें चुकलें. अणूंतील पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास कर्बाला १०८६, नत्राला १४०२, परंतु प्राणवायूला १३१४ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते.

नत्राच्या तीन पी-कक्षकांत एकेकच इलेक्ट्रॉन असतो. प्राणवायूचा चौथा इलेक्ट्रॉन त्यांतील एका कक्षकांत जोडीनें राहतो. परस्परांच्या प्रतिसारणामुळें जोडींतील एक तुलनेनें सहज सुटतो.

मग आम्हीं कार्ड बदललें. पुढें नियमाऐवजीं या दोन मूलद्रव्यांची तुलना लिहिली. मागें उत्तर आणि त्याखालीं कारण. अणुत्रिज्या व विद्युत्‌ऋणता यांचीं कार्डें निराळीं ठेवलीं, कारण हा अपवाद तेथें लागू नाहीं: प्राणवायूची त्रिज्या नत्राहून लहानच, विद्युत्‌ऋणता अधिकच. उत्तर बरोबर येऊनहि कारण सांगतां आलें नाहीं, तर तें कार्ड पुन्हां गठ्ठ्यांत जाई.