शेतकऱ्यांना : एका शब्दाची फोड

‘शेतकऱ्यांना पाणी हवे’ या वाक्यातला पहिला शब्द घेऊ. मुळात ‘शेत’. त्याला ‘करी’ लागून ‘शेतकरी’ झाला. त्याचे अनेकवचनी सामान्यरूप ‘शेतकऱ्यां’, आणि शेवटी ‘ना’. ‘करी’ आणि ‘ना’ हे दोन्ही प्रत्ययच, पण त्यांची कामे निराळी. ‘करी’ने नवा शब्द घडवला, ती शब्दसिद्धी. ‘ना’ने त्याच शब्दाला वाक्यात लागणारे रूप दिले, ती रूपसिद्धी.

हा फरक ओळखायचा कसा? शब्दाची जात बदलली की शब्दसिद्धी, असे नवशिक्याला सांगतात. ‘गोड’ विशेषण, ‘गोडवा’ नाम. तिथे हे जुळते. पण ‘शेत’ही नाम आणि ‘शेतकरी’ही नामच. उलट ‘धावणे चांगले’ यात धातूचे नाम झाले, तरी हा ‘णे’ रूपसिद्धीच्या प्रत्ययासारखा जवळपास प्रत्येक धातूला बिनतक्रार लागतो. तेव्हा या कसोटीवर फार विसंबू नये.

मला अधिक भरवशाची वाटते ती बदलून पाहण्याची कसोटी. ‘शेतकऱ्यां’च्या जागी साधा, न घडवलेला शब्द ठेवा : ‘माणसांना पाणी हवे’. वाक्य नीट उभे राहिले, म्हणजे ‘करी’ची वाक्याला गरज नव्हती. आता ‘ना’ काढा : ‘शेतकरी पाणी हवे’. वाक्य मोडले. जो प्रत्यय वाक्यरचनाच मागते, तो रूपसिद्धीचा.

जोडीला व्याप्ती पाहावी. ‘ना’ कोणत्याही नामाच्या अनेकवचनाला लावता येतो. ‘करी’ मात्र निवडक शब्दांनाच : गावकरी, वारकरी, कष्टकरी. दुकान चालवणारा ‘दुकानकरी’ नव्हे, दुकानदार. शिवाय अर्थही सरकतो. शेतकरी शेत कसतो, गावकरी गावात राहतो, वारकरी वारीला जातो. क्रम पाहिला तर ‘करी’ शब्दाला चिकटून आत, ‘ना’ बाहेर.

खरी परीक्षा होते ती ‘चा’पाशी. ‘घराचा दरवाजा’ आणि ‘घरचा डबा’. दोन्ही ठिकाणी ‘मोठा’ हे विशेषण बसते, त्यामुळे बदलून पाहण्याची कसोटी इथे निकाल देत नाही. मग व्याप्तीकडे वळावे. सामान्यरूपाला लागणारा ‘चा’ सर्वत्र चालतो : घराचा, दगडाचा, मुलाचा. थेट मूळ शब्दाला लागणारा ‘चा’ मुख्यतः स्थळकाळाच्या शब्दांपुरता : घरचा, गावचा, कालचा. ‘दगडचा’ कोणी म्हणत नाही. आणि ‘घरच्यांना विचारून सांगतो’ म्हणताना आपण घरातली माणसे म्हणतो. त्या अर्थाने ‘घराच्यांना’ होत नाही. म्हणून ‘घरचा’ मी शब्दसिद्धीकडे झुकलेला मानतो. ‘घराचा’ रूपसिद्धीकडे ठेवतो, पण तोही पुढच्या नामाप्रमाणे घराची, घराचे असा विशेषणासारखा बदलतो. त्यामुळे त्याला निव्वळ विभक्तीचे रूप म्हणावे की नाही, यावर वाद घालायला जागा उरतेच.