मुलाखतीचा दिवस

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणीला 275 गुण असतात. तिच्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करणारा उमेदवार प्रत्यक्ष त्या दिवसाचा विचार मात्र क्वचितच करतो. हा दिवस दोन अनिश्चित गोष्टींच्या मध्ये सापडलेला असतो. दिल्लीच्या शहाजहान मार्गावरील धौलपूर हाउसच्या दारापर्यंत तो किती वाजता पोहोचेल, ही पहिली; आणि आत गेल्यावर त्याला किती वाजता बोलावतील, ही दुसरी. दोन्ही बाबतींत सर्वांत वाईट शक्यता धरूनच योजना आखली पाहिजे.

पाटण्याहून निघणाऱ्या एका उमेदवाराचे उदाहरण घेऊ. बुधवारी सकाळी नऊ वाजता हजर राहावे, असे त्याला कळविण्यात आले आहे. मंगळवारी रात्री गाडीत बसून बुधवारी पहाटे दिल्ली गाठावी, हा त्याचा पहिला विचार. खर्च वाचतो, हे खरे. परंतु 2024 आणि 2025 साली या मुलाखती जानेवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालल्या, आणि जानेवारीत गंगेच्या मैदानात असे दाट धुके पडते की रात्रीच्या गाड्यांना कित्येक तासांचा उशीर होणे ही नित्याचीच बाब असते. म्हणून त्याने सोमवारी दिवसा पोहोचेल अशी गाडी धरावी. ती दहा तास रखडली तरी मंगळवार त्याच्या हाती राहतो.

त्या मंगळवारी एक काम अवश्य करावे. उतरण्याच्या ठिकाणापासून, समजा करोल बागेपासून, धौलपूर हाउसपर्यंत सकाळच्याच वेळी एकदा जाऊन यावे. भुयारी रेल्वेने जायचे तर मंडी हाउसला गाडी बदलून खान मार्केटला उतरावे लागते आणि पुढे थोडे अंतर रिक्षाने काटावे लागते. या फेरीला जितका वेळ लागेल त्यात निम्मा आणखी मिळवावा आणि साडेआठपासून मागे मोजून निघण्याची वेळ ठरवावी. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमी चालू असतील तर इंडिया गेटभोवतालचे रस्ते सकाळी बंद असतात. आदल्या दिवशीच्या वृत्तपत्रात वाहतुकीची सूचना पाहून घ्यावी.

कागदपत्रांत घोटाळा होतो तो बहुधा कागद हरविल्यामुळे नव्हे, तर कागद चुकीचा असल्यामुळे. जन्मतारखेसाठी दहावीचे मूळ प्रमाणपत्र, पदवीचे प्रमाणपत्र, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि मुलाखतीचे पत्र ही मूळ सामग्री. पत्र कागदावर छापलेलेच हवे. आयोगाच्या आवारात मोबाइल नेता येत नाही, तेव्हा त्याच्या पडद्यावरील प्रत तेथे निरुपयोगी ठरते. दहावीच्या आणि पदवीच्या प्रमाणपत्रांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी तो घरीच ध्यानात यावयास हवा. इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र पुष्कळांजवळ राज्य सरकारच्या नमुन्यातील असते. येथे केंद्र सरकारचा नमुना लागतो, आणि तो मिळविण्यासाठी पुन्हा जिल्ह्याच्या कचेरीत जावे लागते. दिल्लीत आल्यावर हे उमगून काही उपयोग नाही.

सकाळच्या न्याहारीचा प्रश्न दुसऱ्या अनिश्चिततेशी निगडित आहे. एका मंडळापुढे एका सत्रात साधारण पाच-सहा उमेदवार येतात आणि प्रत्येकाला सुमारे अर्धा तास लागतो. आपले मंडळ कोणते व क्रम कितवा, हे तेथे गेल्यावरच कळते. शेवटच्या क्रमाचा उमेदवार नऊला हजर होऊन बारापर्यंत किंवा त्यानंतरही बसून राहतो. केवळ चहावर निघालेल्याला मग ऐन वेळी ग्लानी येते. आणि सवय नसताना भरपेट खाल्लेल्याचीही तीच गत होते. रोजचेच अन्न, रोजच्यापेक्षा थोडेसे लवकर घ्यावे. पोशाख व बूट मंगळवारीच तासभर घालून पाहावेत. नवा बूट चावतो तो नेमका त्याच दिवशी.

प्रतीक्षालयातील हे तीन तास नवे पाठांतर करण्यासाठी नव्हेत. त्यांचा उत्तम उपयोग म्हणजे स्वतःचा सविस्तर अर्ज पुन्हा शांतपणे वाचणे. पुष्कळसे प्रश्न त्यातूनच निघतात: गावाचे नाव, पदवीचा विषय, छंद म्हणून लिहिलेला एखादा शब्द. आमच्या पाटण्याच्या उमेदवाराने छंदाच्या रकान्यात 'बागकाम' लिहिले असेल, तर या ऋतूत काय पेरतात हे त्याने मनाशी उजळावे. त्या दिवसाचे वृत्तपत्र सकाळी वाचून झालेले असावे. शेजाऱ्याशी चार शब्द अवश्य बोलावेत. तीन तास मौन राहिलेल्याचा आवाज पहिल्या उत्तरालाच घशात अडकतो. मात्र कोणते मंडळ कडक, कोणते उदार, ही चर्चा सुरू झाली की वर्तमानपत्रात डोके घालणे बरे. त्या माहितीने मंडळ बदलता येत नाही.

आपल्या आधीच्या उमेदवाराला बोलावले की घोटभर पाणी प्यावे, स्वच्छतागृहात जाऊन यावे, कागद पुन्हा क्रमाने लावावेत. त्यासाठी मिळणारा अर्धा तास पुरेसा असतो. परतीचे आरक्षण मात्र त्याच दुपारचे करू नये. पाटण्याची गाडी गुरुवारची धरावी.