आधी वंशवृक्ष, मग वाक्य

इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की काम भागतं. बंगालीत वडिलांचा थोरला भाऊ जेठा, धाकटा काका, आईचा भाऊ मामा, आत्याचा नवरा पिसे आणि मावशीचा नवरा मेसो. चुलत, आते, मामे, मावस हा भेद आपल्यासारखाच आहे. पण चुलत म्हणतानाही जेठाचा मुलगा जेठतुतो आणि काकाचा खुडतुतो. त्यामुळे बंगाली अनुवादकाला मूळ लेखकाने न सांगितलेलंही शोधावं लागतं.

जेन ऑस्टिनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्या. नायिका एलिझाबेथ बेनेटचे दोन अंकल सोपे आहेत. गार्डिनर आईचे भाऊ, म्हणून मामा. फिलिप्स मावशीचे यजमान, म्हणून मेसो. अडचण येते तिसाव्या प्रकरणात. नायक डार्सीबरोबर कर्नल फिट्झविल्यम येतो आणि ऑस्टिन त्याला डार्सीच्या अंकलचा धाकटा मुलगा म्हणते. कुठला अंकल? इथे अंदाजाने ‘खुडतुतो’ लिहिलं, तर पाच प्रकरणांनंतर पस्तावायची पाळी येते. तिथे डार्सी पत्रात त्याला ‘आईचा भाचा’ म्हणतो. भाचा बहिणीचा की भावाचा, हे आडनाव सांगतं: डार्सीला नाव मिळालं ते आईच्या माहेरचं, फिट्झविल्यम, कर्नलचं तेच आडनाव. म्हणजे मामाचा मुलगा, मामातो. तो तिशीचा, डार्सी अठ्ठावीसचा. म्हणून मामातो दादा.

कॉलिन्सचं काय करायचं? तो एलिझाबेथच्या वडिलांचा ‘कझिन’. बेनेट यांची इस्टेट पुरुषवारसाकडे जायची, म्हणून त्याच्याकडे जाणार. म्हणजे भाऊबंदकीतला. पण आडनाव वेगळं, आणि मधली पिढी ऑस्टिनने सांगितलेलीच नाही. इथे खुडतुतो लिहिणं म्हणजे लेखिकेच्या कुटुंबात आपण एक माणूस घुसवणं. बंगालीत ‘ज्ञाती’ हा शब्द आहे: एकाच कुळातला, नेमकं नातं न सांगणारा. तोच बरा.

खरा पेच अजून पुढे आहे. लेडी कॅथरिन ही डार्सीची मावशी आणि आपल्या मुलीचं, ॲनचं, लग्न त्याच्याशी व्हावं हा तिचा हट्ट. नातं अचूक लिहायचं तर दोघं मासतुतो भाऊ-बहीण. हिंदू बंगाली वाचकाला हा बेत ऐकूनच धक्का बसेल. ऑस्टिनच्या वाचकाला त्यात वावगं काही नव्हतं. मुसलमान बंगाली घरात तेच नातं ‘खालातो’, आणि तिथे असं लग्न चालतं. आपल्याकडे मामेबहीण चालते, मावसबहीण नाही, त्यामुळे हा धक्का आपल्यालाही कळेल. म्हणून त्या प्रसंगात नात्याचं विशेषण गाळून ‘माझी मुलगी’ आणि ‘माझा बोनपो’, म्हणजे बहिणीचा मुलगा, एवढंच ठेवावं. मावशीचं नातं वाचकाला तेवढ्यावरूनही कळतं, आणि तिचा हट्ट तिच्या काळातला हट्ट म्हणूनच वाचला जातो.