दोन शेळ्यांचा दोन वर्षांचा हिशेब
(तीर्थपुरी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

बहिणींनो,

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "आमच्याकडं गुंठाभर रान नाही, मग शेळ्या घेऊन त्यांना काय दगड चारायचे?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते, पण सुरुवात बाजारापासून करू.

शेळी घ्यायची ती आपल्या मराठवाड्याची, उस्मानाबादी. काळी, उंच पायांची, आपलं ऊन सोसणारी आणि बहुतेकदा जुळी देणारी. पहिलटकरीण घेऊ नका. एकदा व्यालेली, चार दाती, म्हणजे साधारण दोन वर्षांची घ्या. बाजारात दोन-तीन वेळा न पिळता कास फुगवून आणतात. म्हणून पिळून बघा, दोन्ही सड सारखे चालतात का ते तपासा. मग डोळ्याची खालची पापणी ओढा. आत लालसर दिसलं तर ठीक. पांढरट दिसलं तर पोटात जंत आहेत, ती शेळी सोडून द्या.

आता हिशेब. समजा, दिवाळीनंतर दोन गाभण शेळ्या घेतल्या. शेळी पाच महिने गाभण राहते आणि व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा माजावर येते. म्हणजे आठ महिन्यांना एक वेत, दोन वर्षांत तीन. दोघींची मिळून नऊ करडं धरा. दोन दगावतील असंही धरा, कारण दगावतातच. राहिली सात: चार बोकड, तीन पाठी.

इथंच बहुतेक घरं चुकतात. दवाखान्याला किंवा लग्नाला पैसे लागले की पाठ विकली जाते, कारण ती हाताशी असते. पाठ म्हणजे आपलं बियाणं. पहिली दोन वर्षं विकायचा तो फक्त बोकड, आणि तोही चार महिन्यांचा नाही. वर्ष भरू द्या, वीस किलोच्या आसपास होतो. किलोला चारशे रुपये धरले तर आठ हजार. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेलं, शिंग-कान न तुटलेलं जनावर लागतं, म्हणून त्याला जपा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तो अंदाज ठेवा. आणि विकताना नजरेनं सौदा करू नका, काट्यावर वजन करा.

दोन वर्षांत असे तीन बोकड विकले जातील, चोवीस हजार. महिन्याला हजारच पडले. एवढ्यावर ऊसतोडीची उचल सुटत नाही, हे स्पष्टच सांगते. पण दावणीला आता पाच माद्या आहेत. पाच माद्यांवर वर्षाला सात-आठ जनावरं विकता येतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांना एक. तिथून नियमित पैसा सुरू होतो. या दोन वर्षांत तोडीला जावंच लागलं, तर शेळ्या घरच्या म्हाताऱ्या माणसाकडं नाहीतर शेजारणीकडं अर्धलीनं ठेवून जा. ती अर्धी करडं घेईल, पण मूळ शेळ्या राहतील.

आता चाऱ्याचं. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला आणि थोडं वाळलेलं लागतं. गायरान, कालव्याचा बांध, बोर, बाभळीच्या शेंगा, सुबाभूळ हे फुकट आहे. तुरीच्या, हरभऱ्याच्या मळणीला मजुरीवर जाल तेव्हा मजुरीबरोबर भुसकटाची दोन पोती मागून घ्या; उन्हाळा त्यावरच निघतो. पण एका बाईच्या डोक्यावर येणारा पाला पाच माद्यांपुरताच असतो. जमीन नसताना दहा करायला गेलात की सगळ्याच खंगतात.

नर गावातलाच पण दुसऱ्याच्या घरचा वापरा. आपले बोकड चार महिन्यांचे झाले की पाठींपासून वेगळे बांधा, नाहीतर आईला, बहिणीला तेच लागतात आणि करडं मरतुकडी निघतात.

शेवटी पावसाळा, कारण शेळ्या जातात त्या तेव्हाच. पहिल्या पावसाचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार होतो. संध्याकाळी धडधाकट असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं, औषधाला वेळच मिळत नाही. त्याची लस मे महिन्यातच टोचायची. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. शिवाय पीपीआरची लस, ती एकदा दिली की तीन वर्षं पुरते. नाकातून शेंबूड, तोंडात फोड आणि जुलाब एकदम दिसले तर ती शेळी त्याच क्षणी वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरच्या काढ्यात दोन दिवस घालवलेत तर सगळी दावण रिकामी होते.

आता बाहेर झाडाखाली दोन शेळ्या बांधल्या आहेत. चला, दात आणि पापणी कशी बघायची ते हातानंच करून बघू.